बेकरीच्या पोस्टखाली दोन ओळी पुरतात की सगळी गोष्ट सांगावी?

भट्टीवाली

घरात गेले दोन महिने एकाच विषयावरून धुसफूस चालू आहे, म्हणून हा धागा काढतेय. बेकरी आम्ही दोघं बहीणभाऊ चालवतो. धाकटा भाऊ भाजतो, मी काउंटर आणि इन्स्टाग्राम सांभाळते. रोज एक फोटो टाकतो. भावाचं म्हणणं, फोटोखाली दोन ओळींपेक्षा जास्त काही लिहायचं नाही, लोक वाचत नाहीत. मला मात्र वाटतं की आमच्यासारख्या छोट्या जागेकडे सांगण्यासारखं तेवढंच तर आहे, कशामागे किती वेळ जातो आणि काय का करतो ते. तेच गाळलं तर आमचा फोटो आणि इतर कुणाचाही फोटो सारखाच.

परवा दोन पोस्ट लागोपाठ टाकल्या, त्या इथे देते.

पहिली भावाची. चॉकलेट भरलेला क्रोसाँ मधोमध कापलेला, आतलं चॉकलेट ओघळतंय असा फोटो. खाली: "कापला. संपला. उद्या पुन्हा."

दुसरी माझी. राय ब्रेडचा अख्खा लोफ, लाकडी फळीवर ठेवलेला. खाली: "नमस्कार मंडळी! आज आम्ही तुम्हाला आमच्या अगदी लाडक्या ब्रेडबद्दल एक खास गोष्ट सांगणार आहोत. खूप दिवसांपासून मनात होतं…" आणि पुढे जवळजवळ दीडशे शब्द.

पहिलीला ९४ लाइक, दुसरीला ३७. भाऊ म्हणतो निकाल लागला. मला तसं वाटत नाही, पण नेमकं का वाटत नाही ते सांगता येत नाही. अनुभवी लोकांनी मदत करावी.

वेगळा_सूर

निकाल लागलाच आहे. अंगठा चालत असतो, माणूस एका फोटोवर एकदोन सेकंद थांबतो. तेवढ्यात वाचून होईल तेवढंच लिहावं. शिवाय मोठा मजकूर असला की इन्स्टा ती पोस्ट कमी लोकांना दाखवतं, हे मी स्वतः पाहिलंय. आणि फीडमध्ये पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, बाकीचं टिचकी मारल्याशिवाय उघडत नाही. ती टिचकी कोण मारतो? भावाचं ऐका.

रंगपेटी

माझ्या मते अक्षरं जरा मोठी आणि पांढरी ठेवा, मागे गडद पट्टी द्या. राय ब्रेडचा रंग तपकिरी असतो, त्यावर काळं लिहिलं तर उठत नाही. आणि फोटोच्या खालच्या बाजूला लिहू नका, प्रोफाइलवर चौकटीत कडा कापल्या जातात.

भट्टीवाली

रंगपेटी, धन्यवाद, पण मी फोटोवर लिहिण्याबद्दल विचारत नाहीये. फोटोखाली जो मजकूर येतो त्याबद्दल आहे.

रंगपेटी

अच्छा, मी फोटोवरचं समजले. तरी त्याला जोडूनच एक सांगते. वेळ किंवा वार फक्त फोटोवर लिहून थांबू नका, खालच्या मजकुरातही लिहा. माझी मावशी फोनकडून वाचून घेते, तिला दिसत नाही. फोटोत रंगवलेली अक्षरं तिच्यापर्यंत नीट पोचतीलच असं नसतं, खाली टाइप केलेला मजकूर पोचतो.

अक्षरवेल

मी आधी चार वर्षं एका बेकरीच्या काउंटरवर होते, आता छोट्या खाण्यापिण्याच्या दुकानांसाठी लिहिते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघून लिहितेय, थोडं लांबेल.

आधी तुमच्या त्या ९४ आणि ३७ बद्दल. त्यातून मजकुराच्या लांबीबद्दल काहीच कळत नाही, कारण दोन्ही पोस्टमध्ये फोटो वेगळा, पदार्थ वेगळा. ओघळणाऱ्या चॉकलेटखाली तुम्ही काहीही लिहिलं असतं तरी लोकांनी हृदय दाबलं असतं. आणि राय ब्रेडचा अख्खा लोफ फोटोत विटेसारखा दिसतो, हे तुम्हालाही माहीत असेल. लांबीची तुलना करायची तर तोच पदार्थ, तसाच फोटो, तोच वार आणि तीच वेळ ठेवून फक्त मजकूर बदलायला हवा. तेही एकदा करून भागत नाही, चारपाच आठवडे आलटून पालटून करावं लागतं. एवढ्या छोट्या आकड्यांत दहावीस लाइकांचा फरक नुसत्या पावसानेही पडतो.

आता मूळ प्रश्न. "आपली बेकरी थोडक्यात बोलणारी की गोष्टी सांगणारी" असं एकदाच ठरवून टाकावं लागतं असं तुम्ही दोघं धरून चालला आहात. मी तसं ठरवत नाही. फोटो समोर ठेवते आणि स्वतःला विचारते, हा बघून गिऱ्हाइकाच्या मनात काय उरतं? कापलेल्या क्रोसाँमध्ये काय आहे ते दिसतंय, कसं लागेल तेही दिसतंय. उरतं फक्त "कधी मिळेल?" त्याला एक ओळ पुरते. तुमच्या भावाची ओळ वाचायला छान आहे, पण नेमकं तेवढंच त्यात नाही. "उद्या पुन्हा" म्हणजे किती वाजता?

राय ब्रेडचं उलट आहे. फोटोतून जवळजवळ काहीच कळत नाही. हे काय आहे, इतकं जड का, काळपट का, कशाबरोबर खायचं, सगळंच उरतं. तिथे दोन ओळी लिहिल्या की तो माणूस पुढे सरकणारच. तुमच्यातला लांब लिहिण्याचा आग्रह त्या पोस्टपुरता बरोबर होता. पण मजकूर सुरू कुठून केलात बघा. नमस्कार, मंडळी, आज आम्ही, एक खास गोष्ट, सांगणार आहोत. फीडमध्ये दिसतात त्या दोन ओळी इथेच संपल्या, आणि ब्रेडबद्दल त्यात एक शब्दही आला नाही. लांब मजकूर फसला असं मी म्हणणार नाही. तो कुणी उघडलाच नाही, कारण उघडावा असं वर काही नव्हतं.

वेगळा_सूर यांचं ते निरीक्षण खरं आहे, वरचा तुकडाच दिसतो. साधारण १२५ अक्षरांच्या आसपास कापला जातो, मध्ये ओळ तोडली असेल तर त्याही आधी. मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आपल्याला "ब्रेड" ही दोन अक्षरं दिसतात, पण संगणक ब, हलन्त, र, मात्रा आणि ड अशी पाच मोजतो. त्यामुळे १२५ म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरंच कमी, बारापंधरा शब्दांवर डोळा ठेवून लिहावं. एकूण मर्यादा २,२०० ची आहे, तिथवर जायची वेळ बेकरीवर सहसा येत नाही.

वेगळा_सूर

पण मग टिचकीचं काय? पहिल्या दोन ओळी चांगल्या जमल्या तर त्यातच काम झालं. बाकीचा मजकूर कशाला हवा?

अक्षरवेल

ज्याला उघडायचंय त्याच्यासाठी. क्रोसाँ पाहून शंभर जण खूश होतात. राय ब्रेडची पोस्ट पंधरा जण उघडतील, पण त्या पंधरांत दुकानात येणारे बरेच निघतात. ती टिचकी मारणारा माणूस म्हणजे काउंटरवर उभा राहून प्रश्न विचारणारा माणूस, मी चार वर्षं त्यांच्याशी बोललेय. लाइकच्या आकड्यात तो दिसत नाही. पोस्ट किती जणांनी सेव्ह केली आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवली, ते आकडे बघा. व्यावसायिक खातं असेल तर प्रत्येक पोस्टखाली मिळतात.

वीणकाम

माझा अनुभव सांगते, बेकरी नाही पण कामाला येईल. मी क्रोशाच्या पिशव्या करते. एक मोठी पोस्ट लिहिली होती. आजीने सुई कशी धरायला शिकवली, पहिली पिशवी कशी चारदा उसवली, सगळं मनापासून लिहिलं. खाली साठएक प्रतिसाद आले. "डोळे पाणावले", "माझ्या आजीची आठवण झाली". इतकं छान वाटलं! मागणी मात्र एकही आली नाही. आठवड्याने एका बाईंनी विचारलं, "तुम्ही या विकता का?" मी परत जाऊन वाचलं तर अख्ख्या मजकुरात पिशवी विकत मिळते असं कुठेच लिहिलं नव्हतं. लोकांनी माझी आजी वाचली आणि पुढे गेले.

तेव्हापासून शेवटच्या दोन ओळींत काय मिळतं, कसं मागवायचं, हे न चुकता लिहिते. गोष्टही लिहिते, पण पिशवीची.

भट्टीवाली

वीणकाम, तुमचं वाचून दचकले. माझ्या राय ब्रेडच्या दीडशे शब्दांतही तो कोणत्या वारी मिळतो हे नाही! आत्ता उघडून पाहिलं.

क्रोसाँच्या तुलनेबद्दल पटलं. मी बघत होते सारखी ९४ आणि ३७ कडे, फोटोकडे लक्षच नाही गेलं.

अक्षरवेल, एक विचारते. माझ्या पोस्टच्या आधी भावाने राय ब्रेडवर एक छोटी पोस्ट टाकली होती. वाफा निघतायत असा लोफ, खाली "राय. आत्ता भट्टीतून. गरमागरम." ती चांगली चालली. संध्याकाळपर्यंत चौदाच्या चौदा लोफ गेले. मग राय ब्रेडलाही छोटं चालतं असं नाही का होत? फक्त दुसऱ्या दिवशी चारपाच जण परत आले, आत चिकट आहे, कच्चा राहिलाय म्हणून. दोघांना पैसे परत दिले. भाऊ दिवसभर गप्प होता, कारण भाजणं बरोबर झालं होतं, आतलं तापमान त्याने मोजलं होतं, ९८ अंश. पण तो भाग वेगळा, मजकुराशी त्याचा संबंध नाही.

अक्षरवेल

आहे! थेट त्या मजकुराशीच आहे. ते लोफ किती वाजता गेले आणि लोकांनी कधी कापले, सांगता येईल का? आणि तुमच्या भावाला विचारा, राय ब्रेड त्याच दिवशी कापावा का.

भट्टीवाली

विचारलं. तो एकदम म्हणाला, "नाहीच कापायचा, हे मी कायम सांगतो." त्याच्याच शब्दांत लिहिते:

"गव्हाच्या पिठात ग्लुटेनचं जाळं तयार होतं आणि पाव त्यावर उभा राहतो. रायच्या पिठात तसं जाळं धरत नाही. त्याची कणीक मळून लवचीक होत नाही, चिखलासारखी चिकटच राहते, म्हणून टिनमध्ये थापून भाजतो. आत सगळं स्टार्च आणि पाणी धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यांवर उभं असतं. भट्टीतून निघाल्यावर ते बसायला वेळ लागतो आणि ओल आतून कडेपर्यंत सारखी व्हायला तर एक दिवस जातो. गरम असताना सुरी घातली की पात्याला गोळा चिकटून येतो. कापडात गुंडाळून चोवीस तास ठेवला की तोच लोफ पातळ चकत्यांत कापता येतो, आणि चवही दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते."

आणि हो, लोफ बाराच्या सुमारास काउंटरवर आले, चारपर्यंत संपले. परत आलेल्यांनी सगळ्यांनी त्याच संध्याकाळी कापले होते.

अक्षरवेल

म्हणजे "गरमागरम" वाचून लोक धावत आले, गरम लोफ नेला आणि गरमच कापला. मजकुराने जे सांगितलं तेच त्यांनी केलं. पोस्ट चालली आणि त्याच पोस्टने ब्रेड बिघडवला. छोट्या मजकुराची मला सर्वात जास्त भीती इथेच वाटते. थोडक्यात लिहिताना तयार शब्द पटकन हाताशी येतात, गरमागरम, ताजा, आत्ता भट्टीतून. बहुतेक बेकरीला ते शोभतात, पण या एका ब्रेडला ते उलटे पडतात.

आणि तुमच्या भावाने वर जे सांगितलं, तुमच्या मोठ्या मजकुरात तेच हवं होतं. तुम्ही "लाडका", "खूप दिवसांपासून मनात" असं लिहिलंत, आणि पात्याला चिकटून येणारा गोळा घरात राहिला.

मी असं लिहीन:

"हा राय ब्रेड आज भाजलाय, पण आज कापू नका. विकणारही उद्याच.

आत्ता सुरी घातली तर पात्याला चिकट गोळा येईल आणि तुम्हाला वाटेल कच्चा राहिला. तो कच्चा नसतो. राय ओल धरून ठेवतो, आणि ती आत सगळीकडे सारखी पसरायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. म्हणून आम्ही लोफ कापडात गुंडाळून फळीवर ठेवतो. उद्या तो पातळ कापता येतो, आणि आंबूसपणाही जरा खुलतो.

घरी नेल्यावर कापडातच ठेवा, कापलेली बाजू फळीवर पालथी.

शुक्रवारी सकाळी अकरापासून. चौदाच लोफ असतात. बाजूला ठेवायला हवा असेल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत संदेश टाका."

ऐंशीएक शब्द आहेत. तुमच्या दीडशेच्या जवळजवळ निम्मे. पहिल्याच ओळीत असं काही आहे की माणूस थांबून विचारतो, का नको कापू? उत्तरासाठी टिचकी मारावी लागते. "एक खास गोष्ट सांगणार आहोत" मध्ये विचारावंसं काही नव्हतं. आणि ज्याने टिचकी मारलीच नाही त्यालाही महत्त्वाचं तेवढं कळलं, आज कापायचा नाही. गोष्ट एकच ठेवली, ओलीची. तुमचं बेकरी सुरू करणं, पहाटे उठणं, भावाची मेहनत यातलं काही घेतलं नाही, कारण ते या ब्रेडबद्दल नाही.

कणीक

मस्त जमलंय! एक भर घालू का? "राय ओल धरून ठेवतो" ऐवजी "रायमध्ये ग्लुटेन नसतं, म्हणून" असं लिहा. लोकांना पटकन समजेल, आणि हल्ली ग्लुटेन नको असणारे पुष्कळ लोक आहेत, तेही येतील.

पीठवाला

मी तो धाकटा भाऊ. आत्ताच खातं काढलं, कारण हे वाचून राहवलं नाही.

कणीक, कृपा करून असं कुणी लिहू नका. रायमध्ये ग्लुटेन असतं. त्याचं गव्हासारखं जाळं होत नाही एवढंच मी म्हणालो. सीलिॲक असलेल्या माणसाला राय चालत नाही. तुमची ओळ वाचून असा कुणी आमचा ब्रेड घेऊन गेला तर आजारी पडेल. गोष्ट सोपी करून सांगताना असंच होतं, आणि मला मोठे मजकूर नको वाटतात ते याचमुळे. दोन ओळींत चुकायला जागा कमी.

कणीक

माफ करा. मला खरंच तसंच वाटत होतं. बरं झालं सांगितलंत.

अक्षरवेल

पीठवाला, तुम्ही आलात हे फार चांगलं झालं. मोठ्या मजकुरात चुकायला जागा जास्त असते, ते मान्य. मी तर म्हणेन की त्यात पदार्थाबद्दल कारण दिलं असेल तर भाजणाऱ्याने वाचल्याशिवाय ते टाकूच नये. पण "गरमागरम" हा एकच शब्द होता आणि तोही चुकलाच होता.

ग्लुटेनवरून आठवलं म्हणून सांगते. दाणे, अक्रोड, बदाम, तीळ, अंडं असं ज्याने कुणाला त्रास होऊ शकतो ते फोटोत दिसत नसेल तर टिचकीच्या वर आलं पाहिजे, मजकूर छोटा असो वा मोठा. ब्राउनीत अक्रोड आहे हे आठव्या ओळीत वाचायला कुणी जात नाही. आणि पोस्टमध्ये लिहिलं म्हणून काउंटरवर सांगायचं राहू देऊ नका.

पीठवाला

हे मान्य. आमच्या ब्राउनीत अक्रोड आहे आणि पोस्टमध्ये एकदाही आलेलं नाही. आजच बदलतो, टाकलेल्या पोस्टचा मजकूर बदलता येतो ना?

अक्षरवेल

येतो.

वेगळा_सूर

राय ब्रेडचं पटलं. पण तो आठवड्यातून एकदा. बाकीचे सहा दिवस रोजचंच आहे, आज काय आहे, किती उरलंय. तिथे तरी छोटंच हवं ना?

अक्षरवेल

छोटंच. पण ते फीडमध्ये हवं का, असा माझा प्रश्न आहे. फीड वेळेच्या क्रमाने दिसत नाही. तुम्ही मंगळवारी सकाळी "आज अकराला दालचिनी रोल" टाकलं की कुणाला ते गुरुवारी दिसतं. तो अकराला येतो आणि रोल नसतात. मी काउंटरवर असताना आठवड्यातून एकदा तरी कुणी फोन पुढे करून म्हणायचं, "इथे आज लिहिलंय." त्याला काय सांगणार? चूक त्याची नसायची.

आजचं आजच संपणारं असेल ते स्टोरीत टाका, चोवीस तासांनी आपोआप जातं. फीडमध्ये टाकायचंच असेल तर "आज" न लिहिता वार लिहा, तारीखही लिहा. म्हणजे छोट्या मजकुराला जागा आहे, फक्त त्यातला बराचसा फीडमधून उठून स्टोरीत जातो. फीडमध्ये मग आठवड्याला तीनचार पोस्ट राहतात, आणि त्यांतल्या एखाददुसरीलाच मोठा मजकूर लागतो.

वेगळा_सूर

वाराचं चांगलं सांगितलंत, माझ्याही डोक्यात नव्हतं. पण मोठ्या मजकुराने पोच कमी होते हे मी अजून धरून आहे. माझ्या खात्यावर सारखं तेच दिसतं.

अक्षरवेल

तुमच्या खात्यावर मोठा मजकूर कुठल्या फोटोखाली असतो ते एकदा बघा. बहुतेक वेळा जो फोटो कमी बोलतो त्याच्याखालीच आपण जास्त लिहितो. मग पोच फोटोने कमी झाली की मजकुराने, ते वेगळं करता येत नाही. माझ्याकडच्या दुकानांत नुसत्या लांबीमुळे पोच पडलेली मला दिसली नाही.

वेगळा_सूर

बघतो. पण तुमच्याकडचे आकडेही चारपाच दुकानांचेच आहेत.

अक्षरवेल

हो, तेवढेच आहेत.

भट्टीवाली

पाच आठवड्यांनी परत लिहितेय. मधल्या काळात केलं ते सांगते.

राय ब्रेडचा तो मजकूर जवळजवळ तसाच टाकला. भावाने एक बदल केला, "एक रात्र आणि वर अर्धा दिवस" खोडून "चोवीस तास" लिहिलं, म्हणाला मोजून सांगू. फोटोही बदलला. दोन चकत्या शेजारी शेजारी ठेवल्या, एक त्याच दिवशी कापलेली, दबून चिकट झालेली, आणि दुसरी एक दिवसाने, स्वच्छ कडा असलेली. हे त्यालाच सुचलं. वाया घालवायला त्याच्या जिवावर आलं होतं, पण एक लोफ दिला.

लाइक ५२. म्हणजे क्रोसाँच्या जवळपासही नाही. सेव्ह मात्र ३१, आमच्या कुठल्याच पोस्टला आजवर नऊच्या वर गेले नव्हते. खाली एकाने विचारलं, "राय म्हणजे मोहरी का?" ते मला कधी सुचलंच नसतं, दुसऱ्या दिवशी मजकुरात "राय हे गव्हासारखं धान्य" एवढं घातलं.

काउंटरवर वही ठेवली. राय ब्रेडबद्दल कुणी तक्रार केली की एक रेघ, "कधी कापायचा?" असं विचारलं की एक टिंब. आधीच्या आठवड्यात पाच रेघा होत्या. या पाच आठवड्यांत मिळून दोन. त्यातले एक आजोबा होते, इन्स्टा बघत नाहीत, त्यांचा काही दोष नाही. आता पिशवीत छोटी चिठ्ठीही घालतो.

पण फसलेलंही सांगते. मला वाटलं जमलं, म्हणून दालचिनी रोलवरही तसंच मोठं लिहिलं, कणीक रात्रभर थंडीत का ठेवतो वगैरे. खरं होतं, भावाने वाचलंही होतं. खाली पहिलाच प्रतिसाद, "किती वाजता मिळतील?" वेळ मी शेवटच्या ओळीत लिहिली होती. दुसरा प्रतिसाद, "हो, किती वाजता?" दुसऱ्या आठवड्यात तसाच फोटो, खाली "दालचिनी रोल, शनिवार १४ तारीख, सकाळी नऊपासून." कुणी काही विचारलं नाही, साडेदहाला ट्रे रिकामा.

आता नवीन अडचण. राय दर शुक्रवारी असतो. दर आठवड्याला तीच ओलीची गोष्ट कशी लिहू? जुने लोक कंटाळतील, आणि नवीन येणाऱ्याला माहीत नसेल.

अक्षरवेल

ती दोन चकत्यांची पोस्ट प्रोफाइलवर वर पिन करून ठेवा, तीन पिन करता येतात. मग शुक्रवारची पोस्ट छोटी चालेल, फक्त तिच्यात त्या पोस्टकडे बोट दाखवा. मजकुरात दुवा टाकला तर इन्स्टावर तो दाबता येत नाही, म्हणून शब्दांतच सांगावं लागतं.

आणि दालचिनी रोलचं लिहिलंत ते फार उपयोगी आहे, मी माझ्या वहीत उतरवून घेतलं.

वीणकाम

ती चिठ्ठीची कल्पना मी घेतेय. पिशवी कशी धुवायची ते कुणी विचारतच नाही आणि मग गरम पाण्यात घालतात.

पीठवाला

या शुक्रवारचा मजकूर मी लिहिलाय. बहीण म्हणते आधी इथे दाखव.

"राय ब्रेड, शुक्रवार २० तारीख, अकरापासून. गुरुवारी भाजलेला, म्हणजे घरी नेऊन लगेच कापा. त्याआधी का नाही, ते वर पिन केलंय."

अक्षरवेल

छान आहे. एकच, "वर" म्हणजे कुठे ते फीडमध्ये वाचणाऱ्याला कळणार नाही, त्याच्यासमोर तुमचं प्रोफाइल उघडलेलं नसतं. "आमच्या प्रोफाइलवर सगळ्यात वर" असं करा.

पीठवाला

केलं. आणि "सगळ्यात वर, दोन चकत्यांचा फोटो" असं लिहिलं, म्हणजे शोधायला नको.